भूक नसताना हात डब्याकडे जातो तेव्हा

ताण आला की खाणाऱ्या माणसाला सल्ले देणारे पुष्कळ भेटतात. पाणी पी, दीर्घ श्वास घे, एक चक्कर मारून ये, एखादा छंद जोपास. सल्ले वाईट नसतात, पण चार दिवसांपलीकडे टिकत नाहीत आणि त्याचं खापर आपण आपल्याच मनोनिग्रहावर फोडतो. अडचण बहुधा वेगळी असते. त्या क्षणी खाणं आपलं काहीतरी काम करून देत असतं. कधी ते कामावरून उठायला निमित्त देतं, कधी डोक्यात घोळणारा विचार थोडा वेळ थांबवतं, कधी नुसता रिकामा वेळ भरून काढतं. हे काम काय आहे ते न पाहता पर्याय निवडला की तो टिकत नाही. ज्याला खुर्चीतून उठायला निमित्त हवंय त्याला खुर्चीत बसूनच दहा श्वास घ्यायला सांगितलं, तर तो दहा श्वास घेईल आणि मग उठून बिस्किटं आणेल.

इथे या विषयाचा एकच तुकडा घेतला आहे: कामाच्या दिवसात, भूक नसताना, ताणापोटी होणारं खाणं. ते कधी आणि कशासाठी होतं हे शोधायचं आणि तेच काम करणारी दुसरी गोष्ट त्या जागी बसवायची. दोन्ही मिळून दीड-दोन महिन्यांचं काम आहे. त्यातले पहिले दोन आठवडे काहीही बदलायचं नाही, फक्त पाहायचं. (त्याला एक अपवाद आहे, तो आधी सांगतो.)

आधी खरी भूक वेगळी काढा

भावनेपोटी खातो असं सांगणाऱ्या बऱ्याच लोकांचं दुपारपर्यंतचं खाणं अगदी तुटपुंजं असतं. सकाळी घाईत काही खाल्लेलं नसतं, दुपारी ‘आज हलकंच’ म्हणून अर्धपोटी उठलेले असतात. मग संध्याकाळी जे काही होतं ते ताणापेक्षा उपासमारीचं असतं. ताणाचा फक्त धक्का लागतो.

यात एक सापळा आहे. काल जास्त खाल्लं म्हणून आज कमी खायचं ही भरपाई दिसायला शहाणपणाची वाटते, पण परिणाम उलटा होतो. 1975 साली हर्मन आणि मॅक या संशोधकांनी विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक दिलं आणि मग चव तपासण्याच्या निमित्ताने हवं तेवढं आइस्क्रीम खायला सांगितलं. एरवी खाण्याचा फारसा विचार न करणाऱ्या मुलींनी मिल्कशेक प्यायल्यावर आइस्क्रीम कमी खाल्लं. नेहमी खाण्यावर नियंत्रण ठेवणाऱ्या मुलींनी मात्र मिल्कशेकनंतर जास्त खाल्लं. नियम एकदा मोडला की ‘आता मोडलाच आहे तर’ असं मन म्हणतं. ज्याच्या डोक्यात कडक नियमच नाही त्याचं मोडण्यासारखं काही नसतं.

म्हणून दोन आठवड्यांच्या पाहणीत एवढा एकच बदल करायचा: खाण्याच्या वेळा बसवायच्या. तीन जेवणं, मध्ये एक किंवा दोन छोटी खाणी, आणि जागेपणी दोन खाण्यांमध्ये साधारण चार तासांपेक्षा जास्त अंतर नाही. अनिर्बंध खाण्याच्या विकारावर उपचार करणारे तज्ज्ञसुद्धा याच पायरीपासून सुरुवात करतात. काय खायचं हा प्रश्न इथे नाही. वेळेवर आणि पोटभर खायचं, एवढंच. आदल्या रात्री कितीही खाल्लं असलं तरी सकाळचं खाणं चुकवायचं नाही.

पुष्कळांचं संध्याकाळचं चरणं एवढ्यानेच बरंचसं कमी होतं. तुमचं झालं तर पुढचा निम्मा लेख तुम्हाला लागणारही नाही.

भूक आणि तलफ यातला फरक ओळखायची एक साधी कसोटी सगळीकडे सांगितली जाते. भूक हळूहळू चढते आणि कुठल्याही अन्नाने भागते. तलफ अचानक येते आणि तिला ठरावीकच पदार्थ हवा असतो. कसोटी उपयोगी आहे, पण तिच्यावर फार विसंबू नका. चार तासांच्या भुकेल्या माणसालाही चॉकलेटच हवं असू शकतं, आणि भूक व ताण अनेकदा हातात हात घालून येतात. त्यापेक्षा घड्याळ जास्त भरवशाचं. शेवटचं नीट खाणं होऊन साडेतीन-चार तास झाले असतील तर आधी खा, विश्लेषण मग.

नोंद: खाण्याची नव्हे, खाण्याआधीच्या अर्ध्या तासाची

आता वही घ्या, किंवा फोनमधलं नोंदींचं पान. कॅलरी, वजन, ग्रॅम यातलं काही लिहायचं नाही. ते लिहायला लागलात की वही परीक्षकासारखी वाटू लागते आणि तिसऱ्या दिवशी बंद होते. प्रत्येक अवेळी खाण्याला एकच ओळ, आणि त्या ओळीत एवढ्या गोष्टी: किती वाजले, शेवटचं खाणं होऊन किती तास झाले, मी कुठे आहे, गेल्या अर्ध्या-एक तासात काय घडलं, आता पुढे काय करायचं होतं, आणि मनात काय आहे. खाऊन दहा मिनिटांनी आणखी चार शब्द: आता कसं वाटतंय आणि मी परत कशाकडे वळलो.

‘पुढे काय करायचं होतं’ हा रकाना लोक गाळतात, आणि बऱ्याचदा उत्तर तिथेच सापडतं. खाणं जे टाळायला मदत करतं ती गोष्ट मागे नसून पुढे उभी असते: न केलेला फोन, उघडायची भीती वाटणारा मेल, सुरू न केलेला अहवाल.

मागचा अर्धा-एक तास लिहायचा तो शरीराच्या चालीमुळे. ताणाच्या ऐन क्षणी अड्रिनलिनचा जोर असतो आणि भूक दबते. त्याच धक्क्यात वाढलेलं कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक मात्र मागे रेंगाळतं आणि खाण्याची ओढ वाढवतं. म्हणून भांडण चालू असताना कोणी वेफर्स खात बसत नाही. वेफर्स भांडण मिटल्यावर निघतात. अकरा वाजताच्या खाण्याचं मूळ सव्वादहाच्या बैठकीत असू शकतं, आणि अकरा वाजताच्या मनःस्थितीत शोधलं तर ते सापडत नाही. हा क्रम सगळ्यांना सारखा लागू नाही. काही जणांची भूक ताणात पूर्ण मरते.

नोंद खाण्याआधी किंवा खाता खाता करा. रात्री बसून दिवस आठवत लिहू नका. आठवणीतून लिहिताना आपण खाण्याला कारण शोधून चिकटवतो. खाल्लं त्याअर्थी ताण असणार, असा उलटा प्रवास होतो. आपण भावनेपोटी खातो असं प्रश्नावलीत सांगणारे लोक प्रयोगशाळेत वाईट मनःस्थितीत नेमाने जास्त खातातच असं आढळलेलं नाही. तेव्हा ‘माझं ठरलेलं आहे, राग आला की मी खाते’ या समजुतीलाही नोंदींनी तपासून घ्या. चुकीच्या कारणावर नेमका उपाय केला तरी काही हाती लागत नाही.

दोन आठवड्यांत दहा-बारा ओळी जमल्या तरी पुरे. काही नोंदी राहतीलच. राहिलेली नोंद भरून काढू नका, पुढची करा.

एक उदाहरण, नोंदींसकट

समजा, एक बाई आहेत. वय चाळिशीच्या आसपास, घरून काम करणाऱ्या ग्राफिक डिझायनर. त्यांचं म्हणणं असं: ‘मला संध्याकाळी पाचला काहीतरी गोड लागतंच. दिवसभराचा थकवा असतो.’ उपाय म्हणून त्यांनी घरात बिस्किटं आणणं बंद केलं, मग पाच वाजता खाली जाऊन आणू लागल्या.

पहिल्या आठवड्यातल्या काही नोंदी अशा दिसतात:

सोमवार, 5.10. खाणं होऊन साडेचार तास. डोकं जड. दुपारी अर्धंच जेवले होते. खाल्ल्यावर बरं वाटलं, कामाला लागले.

मंगळवार, 4.50. अडीच तास. नवं डिझाइन आत्ताच पाठवलं. पुढे: उत्तराची वाट. छातीत धडधड. अख्खा पुडा संपला. नंतर परत मेल उघडून बसले.

गुरुवार, 11.20. दोन तास. पहिला मसुदा पाठवला. पुढे: काही नाही, कळेपर्यंत दुसरं काम सुचत नाही. चॉकलेट. चव आठवत नाही. मेल तीनदा पाहिला.

शुक्रवार, 5.30. तीन तास. फाइल पाठवली. ‘कळवतो’ एवढंच उत्तर आलं. बिस्किटं, उभ्या उभ्या.

शनिवार, 9.40 रात्री. दोन तास. टीव्ही. काही विशेष नाही. सोबतचे खात होते म्हणून.

सोमवारचं खाणं सरळ भुकेचं होतं. ते दुपारच्या जेवणाने सुटतं, त्याला मानसशास्त्र लागत नाही. शनिवारचं सवयीचं आणि संगतीचं, तूर्त सोडून दिलेलं बरं. उरलेल्या तीन नोंदींमध्ये पाच वाजण्याशी संबंध नाही, कारण गुरुवारी हेच सकाळी साडेअकराच्या आत घडलं. थकव्याशीही फारसा नाही. तिन्ही वेळा काम पाठवून झालेलं आहे आणि निकाल आलेला नाही. पाठवायचं बटण दाबलं की मोकळं वाटायला हवं, पण तिथून दुसऱ्याच्या हातात गेलेल्या निर्णयाची अस्वस्थता सुरू होते. करण्यासारखं काही नसतं आणि डोळ्यांसमोर मेल उघडा असतो. खाणं ती पोकळी भरतं. संध्याकाळी पाच ही केवळ त्यांची काम पाठवायची नेहमीची वेळ होती.

नोंदींमध्ये असा धागा शोधताना भावनेच्या नावापाशी थांबू नका. ‘ताण’ हा शब्द फार मोठा आहे, त्यावर काही बांधता येत नाही. ‘काम पाठवल्यावर उत्तर येईपर्यंतची अस्वस्थता’ यावर बांधता येतं.

खाणं नेमकं कुठलं काम करतंय?

धागा सापडल्यावर हा प्रश्न येतो. ताणातलं बहुतेक खाणं दोन कामं करतं: एक सुटीचं, दुसरं सुटकेचं. दोन्ही वरून सारखी दिसतात, पर्याय मात्र वेगळे लागतात.

सुटीचं काम म्हणजे खाणं हा विश्रांतीचा परवाना असतो. ज्या कामात नुसतं बसून राहणं आळस समजलं जातं तिथे खाण्यासाठी थांबणं कोणाला खटकत नाही, आपल्याला स्वतःलाही नाही. अशा खाण्यानंतर थोडं ताजंतवानं वाटतं आणि माणूस कामाकडे परततो. ओळखायची चाचणी सोपी: पुढच्या वेळी ओढ वाटली की आधी दहा मिनिटं काम पूर्ण थांबवा, दुसऱ्या खोलीत जाऊन बसा, फोन हातात घेऊ नका. ओढ बरीच ओसरली तर हवी होती ती सुटी.

सुटकेच्या कामात खाणं लक्ष खेचून घेतं. कुरकुर आवाज, गोडी, हाताची हालचाल यांत मन गुंततं आणि नको असलेला विचार तेवढा वेळ बाजूला पडतो. याची खूण म्हणजे चव आठवत नाही, खाणं भराभर होतं, आणि दहा मिनिटांनी तोच विचार जशाच्या तसा परत येतो, वर अपराधीपणाची भर. इथे नुसती विश्रांती देऊन भागत नाही. रिकाम्या खोलीत शांत बसवलं तर विचार आणखी मोठ्याने बोलायला लागतो. या प्रकाराला लक्ष बांधून ठेवणारं किंवा शरीर हलवणारं काहीतरी लागतं, आणि त्याच्या जोडीला ज्या गोष्टीपासून पळतोय तिचा एखादा लहानसा तुकडा हातावेगळा करावा लागतो.

कंटाळ्यापोटी खाणं हा तिसरा प्रकार. त्याला काहीही रंजक चालतं, म्हणून त्यावर वेगळं बोलायला नको. चौथा प्रकार निव्वळ सवयीचा, त्यात भावना नसतेच. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सिनेमागृहात काहींना ताजे आणि काहींना आठवडाभर शिळे पॉपकॉर्न दिले गेले. सिनेमा पाहताना पॉपकॉर्न खायची पक्की सवय असलेल्यांनी शिळेही जवळजवळ तेवढेच खाल्ले, आवडले नसतानाही. त्यांना नेहमीच्या हाताऐवजी दुसऱ्या हाताने खायला सांगितल्यावर मात्र शिळ्यांचं प्रमाण घटलं. सवय अशी जागेला आणि हाताला चिकटलेली असते. तुमच्या नोंदींत ‘काही विशेष नाही’ असंच वारंवार येत असेल तर भावना खणत बसू नका. डबा दुसऱ्या खोलीत हलवा, पुड्यातून खाण्याऐवजी ताटलीत काढून घ्या, बसायची जागा बदला.

खाण्याने खरंच बरं वाटतं का, हाही प्रश्न विचारण्यासारखा आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी 2014 साली लोकांना मन खिन्न करणारी चित्रफीत दाखवली. मग काहींना त्यांचा दिलासा देणारा आवडता पदार्थ दिला, काहींना दुसरं काही खायला दिलं, काहींना काहीच दिलं नाही. मनःस्थिती सगळ्यांचीच सारखी सुधारली. बरं वाटायचं ते वेळ गेल्याने वाटलं, श्रेय मात्र आपण बिस्किटाला देतो. अर्थात प्रयोगशाळेतली खिन्नता सौम्य असते, खऱ्या आयुष्यातली तेवढी सौम्य नसते. तुमच्या वहीतला ‘दहा मिनिटांनी कसं वाटतंय’ हा रकाना हा प्रश्न तुमच्यापुरता सोडवेल.

पर्याय बांधणं: ‘जर–तर’चं वाक्य

आता पर्याय. तो चार अटींत बसायला हवा. खाणं जे काम करतं तेच त्याने करावं. एका मिनिटात सुरू करता यावा. ओढ जिथे येते तिथेच उपलब्ध असावा. आणि वाईट दिवशीही जमावा. व्यायामशाळा, चित्रकला, मैत्रिणीशी तासभर गप्पा, हे सगळं चांगलं आहे, पण दुपारी साडेचारला ऑफिसच्या टेबलाशी ते चौथ्या सेकंदाला उपलब्ध नसतं. बिस्किट असतं. स्पर्धा बिस्किटाशी आहे हे लक्षात ठेवून पर्याय निवडा.

निवडलेला पर्याय एका वाक्यात बांधायचा: ‘जर अमुक झालं, तर मी तमुक करीन.’ मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी अशा वाक्यांचा बराच अभ्यास केला. नुसत्या ‘मी कमी खाईन’ या संकल्पापेक्षा प्रसंग आणि कृती आधीच जोडून ठेवलेली असली तर ती प्रत्यक्षात येण्याची शक्यता वाढते, कारण ऐन वेळी ठरवावं लागत नाही. खाण्याच्या बाबतीत पुढे झालेल्या अभ्यासांतून आणखी दोन गोष्टी समोर आल्या, आणि दोन्ही फार उपयोगी आहेत.

एक: ‘जर’मध्ये वेळ किंवा जागा घालण्यापेक्षा आपलं स्वतःचं कारण घातलं की वाक्य जास्त चालतं. ‘पाच वाजले तर’ यापेक्षा ‘काम पाठवून अस्वस्थ झाले तर’ हे बरं. दोन आठवडे नोंदी केल्या त्या याच्यासाठी. दोन: ‘तर’मध्ये नकार घालायचा नाही. ‘अस्वस्थ झाले तर चॉकलेट खाणार नाही’ असं वाक्य प्रसंग आणि चॉकलेट यांची गाठ उलट घट्ट करतं, आणि अशी वाक्यं घेतलेल्यांनी काही वेळा जास्तच खाल्ल्याचं दिसलं आहे. ‘तर’नंतर करण्याची गोष्ट यावी, आणि तिच्यात खाण्याचा उल्लेखही नसावा.

काय करायचं हे सुचत नसेल तर चालण्यापासून सुरुवात करा. सुटी आणि सुटका या दोन्ही कामांना ते बऱ्यापैकी पुरतं. ब्रिटनमधल्या एक्सेटर विद्यापीठातल्या एका प्रयोगात रोज चॉकलेट खाणाऱ्यांना कामाच्या टेबलासारख्या मांडणीत बसवलं होतं. त्याआधी पंधरा मिनिटं झपाझप चालून आलेल्यांनी साधारण 15 ग्रॅम चॉकलेट खाल्लं, न चाललेल्यांनी 28. काम अवघड असो की सोपं, फरक तसाच राहिला. पंधरा मिनिटं नसतील तर जिना एकदा उतरून चढा. परिणाम तेवढाच होईल असं नाही, पण टेबल सुटतं.

पहिला मसुदा फसतो

उदाहरणातल्या बाईंनी पहिलं वाक्य असं केलं: ‘जर काम पाठवल्यावर अस्वस्थ झाले, तर पाच मिनिटं डोळे मिटून श्वासाकडे लक्ष देईन.’ दोन वेळा केलं. तिसऱ्या वेळी श्वास मोजता मोजता नव्या मेलचा आवाज आला आणि त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या.

इथे बहुतेक लोक ‘मला नाही जमत’ म्हणून सोडून देतात. खरं तर फसलेल्या प्रयत्नाची नोंद सर्वांत कामाची असते. ओढ आली आणि पर्याय सुचलाच नाही, तर ‘जर’ नीट नेमका नाही. पर्याय सुचला पण करावासा वाटला नाही, तर तो फार मोठा किंवा फार नीरस आहे. केला आणि तरीही खाल्लं, तर तो खाण्याचं काम करत नाही. बाईंचं तिसरं होतं. डोळे मिटून बसल्यावर विचाराला मोकळं रान मिळालं, शिवाय मेल हाताच्या अंतरावर.

दुसरा मसुदा असा झाला: ‘जर काम पाठवलं, तर लगेच लॅपटॉप मिटून, फोन टेबलावर ठेवून, खाली जाऊन पंधरा मिनिटं चालून येईन. परत आल्यावर मेल न उघडता उद्याच्या कामाचा एक छोटा भाग हातात घेईन.’ यात अस्वस्थ होण्याची वाट पाहिलेली नाही, काम पाठवण्यालाच धागा बांधला आहे. ते ठीक आहे, कारण नोंदींवरून त्यांना माहीत होतं की अस्वस्थता तिथूनच सुरू होते. पावसाचा किंवा आजारपणाचा दिवस म्हणून दुसरं वाक्यही तयार: तेव्हा कपड्यांच्या घड्या घालायच्या, रेडिओ लावून. हात गुंततात, कान गुंततात, मेल दुसऱ्या खोलीत राहतो.

वाक्य लिहून झालं की ते दोनदा प्रत्यक्ष करून पाहा, ओढ नसताना. बटण दाबल्याचा अभिनय करा, लॅपटॉप मिटा, चपला घाला, बाहेर पडा. हास्यास्पद वाटतं, पण चपला कुठे आहेत हे ऐन वेळी शोधायला लागलं तर स्वयंपाकघर जास्त जवळ असतं.

एका वेळी एकच धागा घ्या. शनिवारचा टीव्ही, रात्रीचं एकटेपण, सगळ्यांवर एकदम पर्याय बसवायला गेलात तर एकही बसत नाही.

ओढ अंगावर आलीच तर

पर्याय चालू असतानाही तलफ राहते, कधी वाढतेही. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात काम केलेले मानसशास्त्रज्ञ अॅलन मार्लॅट रुग्णांना सांगत की तलफ लाटेसारखी असते: चढते, माथ्यावर येते आणि खाल्लं नाही तरी उतरते. तिच्याशी झगडायचं नाही. ती शरीरात कुठे जाणवते ते पाहायचं: जिभेत, जबड्यात, पोटाच्या वरच्या भागात, बोटांत. मनाशी शून्य ते दहा असा आकडा द्यायचा आणि दोन-तीन मिनिटांनी पुन्हा द्यायचा. आकडा आपोआप खाली येताना एकदा स्वतः पाहिलं की ‘खाल्ल्याशिवाय हे जाणारच नाही’ हा समज ढिला होतो.

याला मुदत ठेवा. दहा-पंधरा मिनिटांनी अजूनही हवंसं वाटत असेल तर खा. त्याला हरणं समजू नका. मात्र खाणं ताटलीत काढून, बसून, पडद्यापासून दूर. लपूनछपून, उभ्याने, पुड्यातून खाल्लं की किती खाल्लं हे कळत नाही आणि चवही लागत नाही.

खाऊन झाल्यावर काय करता, यावर पुढचा तास अवलंबून असतो. 2007 सालच्या एका अभ्यासात नेहमी खाण्यावर बंधनं घालणाऱ्या तरुणींना आधी एक डोनट खायला दिला. मग त्यांतल्या काहींना सांगितलं की असं सगळेच अधूनमधून खातात, स्वतःला फार बोल लावू नका. पुढे मिठाई समोर ठेवल्यावर हे ऐकलेल्या मुलींनी कमी खाल्ली. स्वतःला झोडपलं की शिस्त लागते असं आपल्याला वाटतं, पण झोडपल्याने जी अस्वस्थता तयार होते तिच्यावर आपला ठरलेला उपाय पुन्हा खाणंच असतो. तेव्हा नोंद करा, पुढचं जेवण वेळेवर घ्या, रात्रीचं जेवण टाळून हिशोब बरोबर करायला जाऊ नका.

प्रगती कशाने मोजायची

वजनाने नाही. या कामात वजन घटेलच असं नाही, आणि काट्यावर उभं राहणं अनेकांसाठी स्वतःच एक ताण असतो. आठवड्याच्या शेवटी दोनच आकडे पाहा: तो प्रसंग किती वेळा आला आणि त्यातल्या किती वेळा पर्याय *सुरू* केला. पूर्ण केला की नाही, नंतर खाल्लं की नाही, हे सध्या मोजू नका. पाचपैकी दोनदा सुरू केला तर वाक्य जिवंत आहे. दोन आठवडे शून्य असेल तर वाक्य बदला, स्वतःला नव्हे.

सवय एकवीस दिवसांत लागते असं म्हणतात, ते विसरा. लंडनमध्ये 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांनी रोजची एक छोटी गोष्ट नव्याने लावून घेतली. ती आपसूक व्हायला साधारण 66 दिवस लागले, आणि माणसामाणसांतला फरक 18 पासून 254 दिवसांपर्यंत पसरला होता. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. आजारपण, घर बदलणं किंवा कमी झोपेचा आठवडा आला की जुनं खाणं परत येईल. झोप कमी झाल्यावर तशीही भूक वाढते. तेव्हा वही पुन्हा आठवडाभर उघडा आणि धागा तोच आहे की नवा ते पाहा.

हे आपल्या आवाक्यातलं नाही, हे कसं ओळखावं

थोड्याच वेळात एरवीपेक्षा खूपच जास्त खाल्लं जातं, थांबवू म्हटलं तरी थांबवता येत नाही, पोट दुखेपर्यंत आणि एकट्याने, लाजेपोटी लपून खाल्लं जातं, आणि हे आठवड्यातून किमान एकदा असं सुमारे तीन महिने चाललं आहे, तर तो अनिर्बंध खाण्याचा विकार असू शकतो. त्याला उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञ किंवा चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ यांना दाखवा. खाल्ल्यावर मुद्दाम उलटी करणं, रेचकं घेणं, भरपाईसाठी उपास किंवा अतोनात व्यायाम करणं यातलं काही होत असेल तर तीन महिनेही थांबू नका. अशा स्थितीत नोंदवहीसुद्धा काही जणांना त्रासदायक ठरते, म्हणून ती तज्ज्ञांच्या सांगण्यावरूनच ठेवा. मन सतत खिन्न असेल, किंवा एखादं औषध सुरू झाल्यापासून भूक बदलली असेल, तर डॉक्टरांशी बोला. काही औषधांनी भूक खरंच वाढते, पण ती स्वतःहून बंद करायची नाहीत.

आणि मुळाकडे

पर्याय बसला की एक गोष्ट सुचते जी आधी सुचत नाही: हा प्रसंग इतक्या वेळा यायलाच हवा का? उदाहरणातल्या बाईंच्या नोंदींत आठव्या आठवड्यात काम पाठवण्याचे प्रसंग पूर्वीइतकेच होते, त्यातल्या बहुतेक वेळा त्या खाली चालून येत होत्या, कधीमधी बिस्किटंही खात होत्या. मग त्यांनी काम पाठवतानाच्या मेलमध्ये एक ओळ घालायला सुरुवात केली: ‘तुमचा अभिप्राय उद्या सकाळी अकराला पाहीन, घाई असेल तर फोन करा.’ ग्राहकांपैकी कोणी हरकत घेतली नाही. आणि काम शक्यतो संध्याकाळी पाचऐवजी दुपारच्या जेवणाआधी पाठवायचं ठरवलं, म्हणजे बटण दाबल्यावर उठून जायला जेवण हे खरंखुरं निमित्त असतं.